निकाह रविवारी, तर खिजाब कोणत्या वारी?

लग्नसराई जवळ आली की कापडाच्या दुकानात माणसे फक्त कापड विकत घेत नाहीत. शेरवानीचा रंग, दुपट्ट्याची जर, वलीम्याचा जोडा यांची चर्चा चालू असतानाच डोक्यावरच्या पांढऱ्या केसांचा विषय निघतो. नवरीची अम्मी गादीवर बसल्या बसल्या बहिणीला विचारते, "आपा, केसांना कलर केव्हा लावायचा? आदल्या दिवशी लावला तर ताजा दिसेल ना?" आणि आपा म्हणते, "हो, ताजाच बरा."

हे उत्तर बरोबर नाही. आदल्या दिवशी लावलेला रंग ताजा असतो, पण बसलेला नसतो. जो माणूस आयुष्यभर रंगवलेल्या कापडाचा व्यवहार करतो त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. रंगाऱ्याच्या हौदातून निघालेले कापड कोणी त्याच दिवशी गिऱ्हाइकाला देत नाही. ते धुतले जाते, वरचा सुटा रंग काढला जातो, वाळवले जाते आणि मगच त्याची खरी छटा कळते. केसांचेही तसेच आहे. म्हणून लग्न किंवा ईद डोळ्यांसमोर ठेवून किती दिवस आधी रंग लावावा, याचा हिशेब तारखेपासून उलटा करावा लागतो. तो कसा करावा ते या लेखात पाहू.

आधी रंग ओळखा

बाजारात केसांना लावायचा जो माल मिळतो, त्याचे आपल्या कामापुरते दोन प्रकार धरावेत. पहिला पानांचा, म्हणजे खरी मेहंदी. काही जण तिच्यानंतर निळीच्या पानांची पूड लावतात. दुसरा रसायनाचा, म्हणजे पाकिटातील क्रीम किंवा पावडर. दिवसांचा हिशेब या दोघांचा वेगळा आहे, म्हणून आपण काय लावतो हे आधी पक्के माहीत हवे.

खरी मेहंदी पांढऱ्या केसाला फक्त नारिंगी ते तांबूस रंग देते. काळा रंग ती कधीच देत नाही. तिला दोन-चार तास डोक्यावर ठेवावे लागते, आणि धुतल्यावर पहिल्या दिवशी रंग थोडा भडक नारिंगी दिसतो. हवेतील प्राणवायू लागून तो पुढच्या दोन-तीन दिवसांत गडद होतो. हातावरची मेहंदी जशी दुसऱ्या दिवशी खुलते तसेच हे. निळीचे कापड ज्यांनी हौदातून निघताना पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की ते आधी पिवळसर हिरवे असते आणि हवा लागल्यावर पाहता पाहता निळे होते. मेहंदीवर निळीची पूड लावली तर केसही पहिल्या दिवशी हिरवट छटा दाखवतात आणि एक-दोन दिवसांनी काळपट तपकिरी होतात. ज्यांनी आदल्या रात्री हा प्रयोग केला ते निकाहच्या मजलिसीत हिरवट डोके घेऊन बसतील.

आता "काळी मेहंदी" नावाने विकल्या जाणाऱ्या पाकिटांविषयी. ही पावडर पाण्यात कालवली आणि अर्ध्या तासात केस काळे झाले, तर तो पानांचा गुण नव्हे. अशा बहुतेक पाकिटांत पॅरा-फिनिलिन-डायअमिन नावाचे रसायन असते. याचे छोटे नाव पीपीडी. क्रीमच्या बहुतेक पक्क्या रंगांतही हेच किंवा याचे भाऊबंद असतात. पाकिटावर मेहंदीच्या पानाचे चित्र असले तरी मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावीत. ओळखण्याची सोपी खूण अशी, की खरी मेहंदी तासांत काम करते आणि लाल होते. जी मिनिटांत काम करते आणि काळी होते ती रसायनाची.

येथे एक शब्द काळ्या रंगाबाबत. शुद्ध काळा खिजाब वापरावा की नाही यावर उलेमांचे जे म्हणणे आहे ते आपापल्या आलिमांकडून समजून घ्यावे. पांढरे केस मेहंदीने रंगवण्याचा रिवाज आपल्यात जुना आहे, आणि तपकिरी छटांचे रंगही बाजारात आता मुबलक आहेत.

खरा धोका डोळ्यांवरच्या सुजेचा

रंग थोडा फिका बसला किंवा कपाळाला डाग पडला, तर शोभा कमी होते एवढेच. पण पीपीडी ज्याला सोसत नाही त्याची गोष्ट वेगळी. टाळूला खाज, कानामागे पुरळ, पाणी सुटलेले फोड, आणि सकाळी उठल्यावर दोन्ही पापण्या सुजून डोळे बंद. हा त्रास रंग लावताना होत नाही. तो बहुधा एक ते तीन दिवसांनी वर येतो. शुक्रवारी संध्याकाळी रंग लावणाऱ्याला तो नेमका रविवारी, म्हणजे निकाहच्या दिवशी गाठतो, आणि चेहरा पूर्ववत व्हायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. फोटोत, व्हिडिओत आणि वलीम्याच्या दस्तरख्वानावर तोच चेहरा राहतो.

"मी दहा वर्षांपासून लावतो, मला काही होत नाही," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. या रसायनाची ॲलर्जी दहाव्या वेळी, विसाव्या वेळीही सुरू होऊ शकते, आणि एकदा जडली की सहसा सुटत नाही. पुष्कळ वेळा तिचे बी लग्नातच पेरले जाते. दहा-पंधरा मिनिटांत काळी नक्षी उमटवणारे जे कोन लहान मुलींच्या हातावर ओढले जातात, त्यांत पीपीडी मिसळलेले असू शकते. त्या वेळी हाताला नक्षीच्या आकाराचे फोड येतात, घरचे मलम लावून विसरून जातात, आणि तीच मुलगी मोठेपणी केसांना रंग लावते तेव्हा चेहरा सुजतो. म्हणून ज्याला पूर्वी काळ्या कोनाने किंवा केसांच्या रंगाने त्रास झाला असेल, त्याने रसायनाचा रंग कानामागेसुद्धा लावून पाहू नये. त्याने आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

बाकीच्यांनी चाचणी करावी. पाकिटातील कागदावर ती लिहिलेली असते, पण तो कागद बहुतेक वेळा पाकिटाबरोबर फेकला जातो. कागदात सांगितल्याप्रमाणे थोडासा रंग घ्यावा, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत लावावा आणि ४८ तास पाहावे. खाज, लाली, सूज किंवा फोड यांपैकी काहीही दिसले तर तो रंग लावू नये. अमोनिया नसलेल्या रंगालाही चाचणी हवी, कारण अमोनिया नाही याचा अर्थ पीपीडी नाही असा होत नाही. चाचणी साफ निघाली म्हणजे शंभर टक्के हमी मिळाली असेही नाही, पण मोठा धोका टळतो.

ही चाचणी लग्नाच्या दोन दिवस आधी करून उपयोग नाही. ती किमान दहा दिवस आधी करावी. म्हणजे कानामागे फोड आलाच तर तो लग्नापर्यंत बरा होतो आणि दुसरा विचार करायला वेळ मिळतो.

केस रोज किती वाढतो

दुसऱ्या बाजूने, फार आधी रंग लावणेही चुकीचे. डोक्याचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे रोज साधारण एक तृतीयांश मिलिमीटर. रंग फक्त बाहेर असलेल्या केसाला लागतो, त्वचेखालून येणारा केस पांढराच येतो. पाच दिवसांत ही पांढरी मुळे दीड-पावणेदोन मिलिमीटर होतात आणि सहजी डोळ्यात भरत नाहीत. दहा दिवसांत तीन मिलिमीटरच्या पुढे जातात आणि भांगात पांढरी रेघ दिसू लागते. पंधरा दिवसांत पाच मिलिमीटर झाले की व्हिडिओवाल्याच्या दिव्याखाली काही लपत नाही.

दाढीला हा हिशेब जास्त कडक लागतो. डोक्याच्या एक फूट लांब केसात दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण आखूड कोरलेल्या दाढीत दोन मिलिमीटर हा मोठा भाग असतो. म्हणून दाढीचा रंग डोक्याच्या रंगापेक्षा एक-दोन दिवस उशिरा, म्हणजे समारंभाच्या तीन दिवस आधी ठीक. केस कापायचे किंवा दाढी कोरायची असेल तर ते आधी, रंग नंतर.

म्हणजे एका बाजूने वाढणारी मुळे आपल्याला समारंभाच्या जवळ ढकलतात, आणि दुसऱ्या बाजूने न बसलेला रंग आपल्याला मागे ओढतो. कपाळावर आणि कानाच्या पाळीवर पडलेले डाग जायला दोन-तीन दिवस लागतात. अमोनियाचा वास एक-दोन वेळा डोके धुतल्यावर जातो. पहिल्या दिवशी दिसणारा कोळशासारखा सपाट काळेपणाही पहिल्या धुण्यानंतर नरम पडतो. या सर्वांचा मेळ घातला तर रसायनाच्या पक्क्या रंगाला चार ते पाच दिवस, निव्वळ मेहंदीला तीन दिवस आणि मेहंदीवर निळीला चार दिवस, हे अंतर सोयीचे ठरते.

एका घराचा हिशेब

समजा निकाह रविवारी आहे, हळद शुक्रवारी रात्री, हातावरची मेहंदी शनिवारी आणि वलीमा सोमवारी. नवरीची अम्मी दर महिन्याला क्रीमचा तपकिरी रंग लावते. नवरीचे अब्बा दाढीला खरी मेहंदी लावतात. आणि पन्नाशीचे मामू यंदा प्रथमच केस काळे करायचे म्हणतात.

अम्मीने निकाहच्या दहा दिवस आधी, म्हणजे मागच्या गुरुवारी, कानामागे चाचणी घ्यावी. शनिवारी कान साफ दिसला तर मंगळवारी रंग लावावा. कपाळाच्या कडेला आणि कानांना आधी व्हॅसलिन किंवा खोबरेल तेलाचा हात फिरवावा, म्हणजे त्वचेला डाग कमी पडतो. रंग आधी मुळांना लावावा आणि लांब केसांवर शेवटची थोडी मिनिटे ओढावा. दर वेळी टोकापर्यंत पूर्ण रंग थापला तर थरावर थर चढून टोके निस्तेज काळी होतात. पाकिटावर जेवढी मिनिटे लिहिली आहेत तेवढीच ठेवावीत. घाईत लवकर धुतले तर पांढरे केस पुरते रंगत नाहीत, आणि जास्त ठेवून रंग जास्त पक्का होत नाही, त्वचा मात्र भाजल्यासारखी होऊ शकते.

मंगळवारी स्वच्छ पाण्याने रंग उतरेपर्यंत धुतल्यावर शुक्रवारपर्यंत शाम्पू लावू नये. शुक्रवारी रात्री हळदीत डोक्याला तेल आणि थोडी हळद लागणारच. त्याने घाबरू नये. हळद हा कच्चा रंग आहे, उन्हात उडतो. तिचा पिवळेपणा रंग न लागलेल्या पांढऱ्या केसांवर दिसतो, रंगवलेल्यांवर फारसा नाही. हळद उरकल्यावर किंवा शनिवारी सकाळी सौम्य शाम्पूने एकदा डोके धुवावे. कपडे धुण्याचा साबण किंवा सोडा लावू नये, त्याने केसांचा रंगही ओढला जातो. याच धुण्यात उरलेला सुटा रंग, वास आणि तेल तिन्ही निघून जातात. रविवारी मुळे पावणेदोन मिलिमीटरच्या आत असतील आणि सोमवारच्या वलीम्यातही दोन मिलिमीटरच. दुपट्ट्याखाली त्याची कोणाला खबरही लागणार नाही.

अब्बांनी गुरुवारी रात्री दाढी कोरून मेहंदी लावावी. शुक्रवारी ती नारिंगी दिसेल, लोक थट्टा करतील, करू द्यावी. शनिवारी ती गडद होईल आणि रविवारी बसलेली असेल. घाबरून शनिवारी तिच्यावर पाकिटातला काळा रंग चढवण्याचा मोह टाळावा. एकतर चाचणी झालेली नसते, आणि मेहंदीच्या नावाने घेतलेल्या पुडीत धातूचे क्षार मिसळलेले असतील तर वरून लावलेल्या रंगाशी त्यांचा मेळ बसत नाही. केस खराब होतात किंवा भलतीच छटा येते.

मामूंनी खरे तर दीड महिना आधीच सुरुवात करायला हवी. पहिल्यांदा रंगवणाऱ्याला आपल्या केसावर पाकिटावरची छटा कशी येते हे माहीत नसते. दीड महिना आधी चाचणी घेऊन एकदा रंगवून पाहिले, तर छटा कळते, घरचे लोक बोलून घेतात आणि लग्नाच्या वेळी कोणी दचकत नाही. छटा नेहमी मनात असेल त्याहून एक पायरी फिकी घ्यावी. गडद करणे सोपे, फिके करणे अवघड. लग्नाच्या वेळी पुन्हा चाचणी आणि पुन्हा रंग, अम्मीच्याच दिवसांप्रमाणे. कारण पहिल्या वेळी शरीर गप्प बसते आणि दुसऱ्या वेळी उठते, असे या ॲलर्जीत होते. मागच्या गुरुवारी घेतलेल्या चाचणीत मामूंच्या कानामागे शनिवारी फोड दिसले, तर त्यांनी रंगाचा विचार सोडावा. तो फोड लग्नापर्यंत बसून जाईल आणि मामू पांढऱ्या केसांनी, पण उघड्या डोळ्यांनी निकाहला हजर राहतील.

कॉलरचा डाग

कापडवाल्याच्या पेढीवर दर लग्नसराईत एखादी तक्रार येतेच. क्रीम रंगाची शेरवानी किंवा पांढरा कुर्ता परत येतो, "तुमच्या कापडाचा रंग गेला" म्हणून. पाहावे तर डाग फक्त कॉलरच्या आतल्या बाजूला, मान टेकते तेथे, आणि तोही तपकिरी. ज्या कापडात तपकिरी धागाच नाही त्याचा तपकिरी रंग जाणार कसा? तो घामाबरोबर उतरलेला खिजाब असतो, आणि नाजूक कापडाला इजा न करता तो काढणे जवळजवळ अशक्य.

यावर कापड बाजारातलीच एक परीक्षा कामास येते. कापडाचा रंग पक्का आहे का हे पाहण्यासाठी आपण ओले पांढरे फडके त्यावर घासतो. शनिवारी डोके धुऊन वाळल्यावर तेच करावे. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळावा आणि मानेजवळच्या व कानामागच्या केसांवर दहा वेळा घासावा. रुमाल स्वच्छ राहिला तर शेरवानी निर्धास्त घालावी. डाग उमटला तर पुन्हा एकदा धुऊन पुन्हा पाहावे. रंगवल्यानंतरच्या पहिल्या दोन रात्री उशीवर जुना टॉवेल टाकावा.

ईदचा हिशेब २९ वरून

लग्नाची तारीख ठरलेली असते, ईदुल फित्रची चंद्रावर असते. म्हणून हिशेब नेहमी २९ रोजांवरून करावा. डोक्याचा पक्का रंग २५ व्या किंवा २६ व्या रोजाला, निव्वळ मेहंदी व दाढीचा रंग २७ व्या रोजाला, आणि चाचणी २० व्या रोजाच्या आतबाहेर. रोजे ३० झाले तर एक दिवस वाढतो, त्यात मुळांची वाढ एक तृतीयांश मिलिमीटर. काही बिघडत नाही. उलट ३० धरून चालणाऱ्याची चंद्र २९ ला दिसला की चाँदरातीला धावपळ होते. बकरी ईदला चंद्र दहा दिवस आधी दिसतो, त्यामुळे तारीख हातात असते. मात्र ज्यांना कुर्बानी द्यायची आहे ते पुष्कळ जण जिलहिज्जाचा चंद्र दिसल्यापासून केस कापत नाहीत. त्यांनी कापणी चंद्राआधी उरकावी आणि रंग पाचव्या-सहाव्या तारखेला लावावा.

दुकानदार आणि सलूनवाल्यांसाठी

चाँदरातीला सलूनच्या बाकावर वीस माणसे बसलेली असतात. त्या गर्दीत चाचणी होत नाही, मिनिटे पाळली जात नाहीत आणि एकाच वाटीत कालवलेला रंग तिघांच्या डोक्यावर जातो. एखाद्याचा चेहरा सुजला की ईदनंतर सारा मोहल्ला त्या सलूनचे नाव घेतो. ज्या सलूनवाल्याला हे टाळायचे आहे त्याने एक वही ठेवावी. विसाव्या रोजापासून येणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या कानामागे ठिपका लावून तारीख लिहावी, आणि २५ पासून वेळ ठरवून रंग करावा. काम पाच दिवसांत विभागले जाते, गर्दी कमी होते आणि चाँदरातीचा वेळ फक्त केस कापण्यासाठी मोकळा राहतो.

जनरल स्टोअरवाल्यानेही पाकीट देताना एवढेच विचारावे, "लग्न कधी आहे?" उद्या असे उत्तर आले तर त्याला सांगावे की आज रंग विकत घेऊ नका. एक पाकीट कमी खपेल, पण तेच गिऱ्हाईक पुढच्या लग्नाच्या दहा दिवस आधी विचारायला येईल.